‘माझं गणित दहावीतच वारलं’ म्हणणाऱ्या अकाउंटंटला

ताई, मी ३७ वर्षांचा आहे, मनीषनगरात राहतो आणि एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला सिनिअर आहे. पानठेल्यावरच्या दोस्तांपासून ऑफिसपर्यंत सगळे मला मजाकी माणूस म्हणून ओळखतात. दुसऱ्याची टिंगल मी कधी करत नाही, जे बोलतो ते स्वतःवर. टकलावर बोलतो, पोटावर बोलतो. ऑफिसात माझी एक ठरलेली ओळ आहे, ‘माझं गणित दहावीतच वारलं.’ सगळे हसतात. पण मागच्या महिन्यात जीएसटीचं रिटर्न भरायच्या आधी साहेबांनी माझं काम ज्युनिअर पोराकडे तपासायला दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘याचं गणित दहावीतच वारलं ना!’ सगळे हसले, मीही हसलो. त्याच आठवड्यात साळीच्या साक्षगंधाला मामेसासऱ्यांनी चहाचं विचारलं, तर मी म्हटलं, ‘द्या मामाजी, घरी तर मला कोणी विचारत नाही, चहापण मीच करून पितो.’ बायको घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी तर स्वतःवरच बोललो होतो! पुढच्या महिन्यात लग्न आहे. मजाक करणंच सोडून द्यावं का?

– एक मजाकी माणूस, नागपूर

भाऊ, सोडू नका. सोडायच्या आहेत त्या फक्त दोन ओळी, आणि त्या दोन्ही तुम्ही पत्रातच लिहून पाठवल्या आहेत. टक्कल मात्र राहू द्या. टकलावरचा तुमचा मजाक वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो आणि हे दोन अंगावर येतात, यामागे नशीब नाही. तिन्ही एकाच तोंडातून, एकाच सुरात निघाले असतील, पण ते तीन वेगळ्या जातीचे आहेत.

आधी टकलाचं बघू, कारण ते धडधाकट आहे. टक्कल सगळ्यांना दिसतंच, त्यामुळे तुम्ही बोललात म्हणून कोणाला नवी माहिती मिळत नाही. टकलावरून कोणी तुमच्याबद्दल काही ठरवणार नाही. पगार, जबाबदारी, भरवसा यातलं काहीच त्यावर टांगलेलं नाही. आणि तुम्हाला स्वतःला त्याचं आता दुःख नाही, हे समोरच्याला तुमच्या आवाजावरून कळतं. म्हणून तो मोकळेपणी हसतो. फक्त एक बघत जा. ज्याचे केस आत्ता कुठे गळायला लागलेत आणि जो रोज कंगव्यातले केस मोजतो असा एखादा पोरगा घोळक्यात असला, तर तुमचं वाक्य तुमच्या डोक्यावरून थेट त्याच्या डोक्यावर जाऊन बसतं. तुम्ही हसत असता आणि तो टोपी सावरत असतो.

साक्षगंधाला नेमकं हेच झालं, फक्त जास्त जोरात. ‘घरी मला कोणी विचारत नाही’ या वाक्यातला ‘कोणी’ कोण? तुमच्या घरात माणसं किती, ते मामाजींना ठाऊक आहे. वाक्यात तुम्ही बिचारे आहात हे खरं, पण विचारत नाही ती कोण, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाने मनात भरून घेतलं. आणि ऐकणारे कोण होते? तिचे मामा, मावश्या, काकू. ज्या माणसांसमोर तिला ‘पोरीचं चांगलं चाललं आहे’ एवढंच दिसायला हवं होतं, त्यांच्यासमोर तुम्ही तिच्या संसाराचा रिपोर्ट वाचलात. वर तिला उत्तर द्यायलाही जागा ठेवली नाही. ती ‘असं काही नाही हो मामा’ म्हणाली असती तर नवऱ्याचा मजाक समजत नाही अशी ठरली असती, आणि हसली असती तर कबुली दिल्यासारखं झालं असतं. म्हणून ती गप्प राहिली, आणि गाडीतही गप्पच राहिली. मला त्यात राग कमी आणि अडकलेपण जास्त दिसतं.

स्वतःवरच्या मजाकाची एक सोपी तपासणी आहे. बोलण्याआधी वाक्यातून स्वतःला काढून टाका आणि उरलेल्या जागेत कोण उभं आहे ते बघा. ‘माझं पोट बघा, पुढच्या चौकात आधी पोट पोचतं, मग मी.’ इथून तुम्ही गेलात तर कोणीच उरत नाही. ‘पगार माझा, पण एटीएम हिच्याकडे’ यातून तुम्ही गेलात तर पैशावर बसलेली बायको उरते. ‘आमच्या पोराचं डोकं माझ्यावर गेलं, आता काय होणार’ यात तर पोरगा शेजारीच उभा असतो आणि त्याला तो मजाक आहे हे कळायचं वयही नसतं. घरातल्या माणसांच्या नात्यात गुंफलेला स्वतःवरचा मजाक बहुतेक वेळा स्वतःवरचा नसतोच.

आपल्या मारबतीच्या मिरवणुकीत बडगे निघतात ना, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, महागाईचे, भ्रष्टाचाराचे पुतळे? लाखभर माणसं रस्त्यावर हसतात, ओरडतात, ‘घेऊन जा गे मारबत’ करतात, आणि कोणाचं मन मोडत नाही. कारण बडग्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्या बडग्याबद्दल जाब द्यावा लागत नाही. साक्षगंधाला तुमच्या बायकोला द्यावा लागला.

तिच्याशी बोलायचं राहिलं असेल तर आजच बोला, लग्नापर्यंत थांबू नका. दोन वाक्यं मात्र तोंडातून काढू नका. एक म्हणजे ‘मी तर स्वतःवरच बोललो होतो.’ ही सफाई आहे. आणि दुसरं, ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी.’ यात ‘असेल तर’ म्हणजे चूक तिच्या वाटण्यात, तुमच्या बोलण्यात नाही. त्याऐवजी सरळ सांगा, ‘त्या दिवशी मामांसमोर चहाचं बोललो, त्यात तुझं नाव खराब झालं. घरातलं असं काही मी तुझ्या माहेरच्यांसमोर बोलणार नाही.’ एवढंच, आणि मग पाळा. लग्नात भरपाई म्हणून सगळ्यांसमोर तिचे गोडवे गायला जाऊ नका, त्याने मामाजींना ते जुनं बोलणं पुन्हा आठवेल.

आता एक धोका तयार ठेवूनच लग्नाला जा. आपल्याकडे जावयाचं एक वाक्य लोकांना आवडलं की ते पुढच्या कार्याला त्याच्याच ताटात वाढतात. मामाजी नक्की म्हणतील, ‘काय जावईबापू, आज तरी चहा मिळाला का?’ तेव्हा ‘नाही ना!’ म्हणून हशा मिळवण्याचा मोह होईल. त्याऐवजी म्हणा, ‘मिळाला मामाजी. घरी चहा मीच करतो, कारण मला चार चमचे साखर लागते आणि ते कोणाला दिसायला नको.’ यातून तुम्हाला काढून बघा, कोणी उरत नाही. जुन्या ओळीचं टोकही यात वळतं, कारण चहा तुम्ही का करता याचं कारण आता बायको राहत नाही, तुमची साखर होते. हे वाक्य आधी घरी तिला ऐकवा. तिला हसू आलं नाही, तर लग्नात फक्त ‘मिळाला, मिळाला’ म्हणून पुढे सरका.

ऑफिसचं प्रकरण जास्त गुंतलेलं आहे. तिथे माझा भर ‘सगळे हसतात’ या तुमच्या पुराव्यावर आहे, कारण तो पुरावाच कच्चा आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे एक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बाजारात, फुटपाथवर चाललेल्या गप्पा ऐकून हसण्याचे १२०० प्रसंग टिपले. त्यात विनोद म्हणता येईल अशा बोलण्यानंतर आलेलं हसू २० टक्केही नव्हतं. उरलेलं ‘बरं, निघतो मग’ असल्या साध्या वाक्यांवरचं होतं. आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. म्हणजे माणसं बरेचदा सोबत म्हणून हसतात. सिनिअर बोलला की ज्युनिअर हसतो, साहेब बोलले की सिनिअर हसतो. तुम्ही स्वतः त्या दिवशी कसे हसलात ते आठवा. ते हसू बघून कोणी लिहिलं असतं की ‘त्याला मजा आली’, तर चाललं असतं का?

हसण्यापेक्षा हसल्यानंतरचं पहिलं वाक्य ऐका, ते खोटं बोलत नाही. स्वतःला कमी लेखणारं बोलून तुम्ही समोरच्याच्या हातात एक काम देता. अनिता पोमेरान्त्झ यांनी रोजच्या संभाषणांच्या रेकॉर्डिंगवरून १९८४ साली हे फार बारकाईने दाखवलं आहे. एरवी कोणी काही मत दिलं की ‘हो ना’ म्हणणं सोपं असतं. पण माणूस स्वतःला नावं ठेवतो तेव्हा उलट होतं. तिथे ‘हो ना’ म्हणणं जड जातं, ‘छे, असं काय’ म्हणणं अपेक्षित असतं, आणि गप्प बसलं तर ते गप्प बसणंही होकारासारखं ऐकू येतं. तुमच्या ‘गणित वारलं’नंतर कोणी ‘नाही हो सर, असं काय बोलता’ म्हणत असेल, तर मजाक तिथेच संपला, समोरचा तुमची समजूत काढतो आहे. कोणी ‘माझं तर आठवीतच!’ म्हणून आपलं जोडलं, तर छान, तो तुमच्यासोबत आहे. आणि कोणी ‘हो ना, त्या दिवशी टोटल पण चुकली होती’ असं तुमच्यातच भर घालून बोललं, तर तुम्ही त्याला परवाना दिलेला आहे. साहेबांनी तोच वापरला.

पानठेल्यावर असं होत नाही, आणि त्याचं कारण समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. ठेल्यावरचे दोस्त तुम्हाला शाळेपासून ओळखतात. ‘काऊन बे, कुठं मेला होता?’ हे तिथे स्वागत असतं. तुमचं गणित किती पक्कं आहे हे त्यांना माहीत आहे, त्यांच्या दुकानाचे हिशेब तुम्हीच सोडवून दिले असतील. तुम्ही अर्धं वाक्य बोलता आणि उरलेलं अर्धं त्यांच्या आठवणीतून येतं, म्हणून ते गंमत वाटतं. ऑफिसात नवीन आलेल्या पोराकडे ती आठवण नाही. त्याच्याकडे फक्त तुमचं वाक्य आहे.

याबद्दल १९६६ मध्ये एलियट ॲरन्सन आणि सहकाऱ्यांनी एक गमतीचा प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना प्रश्नमंजुषेच्या उमेदवारांच्या टेप ऐकवल्या. एक उमेदवार हुशार, ९२ टक्के उत्तरं बरोबर देणारा. दुसरा बेताचा, ३० टक्क्यांवरचा. काही टेपांच्या शेवटी उमेदवाराच्या हातून कॉफी अंगावर सांडते. हुशार माणूस धांदरटपणा केल्यावर लोकांना जास्त आवडला, बेताचा माणूस मात्र त्याच सांडण्याने आणखी नावडता झाला. आणि एक गोष्ट नजरेतून सोडू नका. कॉफी सांडण्याचा प्रश्नांच्या उत्तरांशी काही संबंध नव्हता. तो हुशार पोरगा उत्तरं चुकवून लाडका झाला नाही, कपडे खराब करून झाला.

तुमचं टक्कल आणि पोट म्हणजे सांडलेली कॉफी. गणित म्हणजे उत्तरं. अकाउंटंटने गणितावर, ड्रायव्हरने डोळ्यांवर, नर्सने विसरभोळेपणावर मजाक करू नये असं माझं सरळ मत आहे. ज्या गोष्टीचे पैसे मिळतात ती मजाकातून बाहेर ठेवायची. ज्यांच्या कामाचा दबदबा आधीच बसलेला आहे त्यांना थोडी सूट मिळते, पण तीही फक्त ज्यांनी ते काम डोळ्यांनी पाहिलं आहे त्यांच्यात. साहेब तुमचं रोजचं काम बघत नाहीत. ते महिन्यातून एकदा, २० तारखेच्या आधी, रिटर्न गेलं का एवढंच विचारतात. त्यांच्या कानावर वर्षभर काय पडलं? तुमच्या तोंडून ‘गणित वारलं’. वाक्य माणसामाणसांतून फिरतं, त्याच्यासोबत तुमचा सूर फिरत नाही.

आणखी एक वेळ सांभाळायची, ती म्हणजे खरी चूक झाल्यानंतरची. समजा रिटर्न उशिरा गेलं आणि रोजच्या ५० रुपयांप्रमाणे लेट फी लागली. त्या क्षणी ‘म्हटलं होतं ना, माझं गणित...’ म्हणालात तर समोरच्याला ते अंग काढून घेणं वाटतं, आणि ते बरोबरच वाटतं. आधी काय झालं ते सांगा, काय दुरुस्त केलं ते सांगा, पुढे कसं टाळणार ते सांगा. तिथे मजाकाला जागा नाही. सहा महिन्यांनी, सगळं निस्तरल्यावर, चहा पिताना तीच गोष्ट सांगितली तर लोक पोट धरून हसतील. आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर स्वतःवरचा मजाकच नको. तिथे तुमचा चेहरा नसतो, आणि कोणीही स्क्रीनशॉट काढून वरच्याला दाखवू शकतो.

आता ती ओळ मारायची कशी? ‘आजपासून मी मजाक बंद केला’ अशी घोषणा करू नका, लोक तिच्यावरच मजाक करतील. तुम्ही स्वतः ती बोलायचं थांबवा. मग दुसरे बोलतील, कारण त्यांना सवय लागलेली आहे. त्या वेळी चिडलात तर ‘स्वतः बोलतो, आम्ही बोललो तर लागतं’ असं होईल. हसलात तर परवाना पुन्हा नवा होईल. मधली वाट म्हणजे ओठांवर थोडं हसू ठेवून लगेच कामाची माहिती द्यायची. ‘खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बीचा ताळमेळ काल लावला, दोन पुरवठादारांची बिलं २बीत दिसत नाहीत, त्यांना फोन केला आहे.’ आवाज नेहमीचा ठेवा, टोमणा नको. ‘गणित वारलं’ या शब्दांच्या शेजारी दर वेळी पक्का हिशेब येऊन बसला की काही रिटर्नांनंतर ती ओळ कोणी काढत नाही, कारण तिच्यात हसण्यासारखं उरत नाही.

ज्युनिअर पोरावर राग धरू नका. त्याला सांगितलं ते त्याने केलं, आणि त्या सभेत सगळ्यात जास्त घाम त्यालाच फुटला असेल. त्याच्यासमोर ‘तपास बाबा, माझं काही खरं नाही’ असंही म्हणू नका. तो तुमच्यासमोर ‘हो’ही म्हणू शकत नाही आणि ‘नाही’ही.

साहेबांशी मात्र एकट्यात बोला, त्यांच्या केबिनमध्ये, ते निवांत असताना, महिनाअखेरीच्या धावपळीत नको. मजाकाने सुरुवात करायची नाही, हे तुम्हाला सगळ्यात अवघड जाईल. म्हणा, ‘साहेब, मागच्या रिटर्नला माझं काम तपासायला दुसऱ्याकडे दिलं. दुसरी नजर फिरावी हे मलाही पटतं. पण ते माझ्या त्या बोलण्यावरून झालं असेल तर सांगतो, ते बोलणं नुसतं बोलणं होतं. मागच्या वर्षभराचे ताळमेळ मी आणले आहेत, बघून घ्या. आणि तपासणी ठेवायची तर सगळ्यांनाच ठेवू, त्याचं मी बघतो, माझं तो बघेल.’ कागद खरंच हातात असू द्या.

साहेब कदाचित हसून म्हणतील, ‘अरे, मी तर मजाक करून राहिलो होतो.’ मग विषय मिटला, एकमेकांचं काम तपासणं सुरू करून घ्या आणि बाहेर पडा. पण ते म्हणाले की ‘नाही, मागच्या दोन महिन्यांत खरंच फरक आले होते’, तर खुर्ची ओढून बसा, कोणत्या बिलात, किती रकमेचा, ते विचारून लिहून घ्या. आणि तेवढा वेळ, भाऊ, दहावीचं नाव काढू नका.